अर्ज करण्याआधी अर्धा दिवस लाइनवर: क्वालिटी इन्स्पेक्टरचे काम पाहण्याची परवानगी कशी मागावी

मेकॅनिकल डिप्लोमा किंवा आयटीआय पूर्ण केलेल्या मुलामुलींना चाकण, भोसरी, वाळूज, सातपूर किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत जी पहिली नोकरी दिसते, ती पुष्कळदा लाइन क्वालिटी इन्स्पेक्टरची असते. जाहिरातीत मात्र मोजमाप साधनांची माहिती, ड्रॉइंग वाचता येणे आणि तिन्ही पाळ्यांत काम करण्याची तयारी, एवढेच लिहिलेले असते. हे वाचून अर्ज करणाऱ्याला वाटते की दिवसभर मायक्रोमीटर हातात घेऊन माप घ्यायचे आणि कागदावर लिहायचे. रुजू झाल्यावर दोन-तीन महिन्यांत कळते की माप घेणे हा कामाचा सोपा भाग होता आणि चालू मशीन थांबवा असे अनुभवी ऑपरेटरला सांगणे हा खरा भाग होता. तोवर नोकरी सोडली तर बायोडेटावर डाग आणि न सोडली तर रोजची घुसमट, अशी अवस्था होते. ती टाळायची असेल तर अर्ज करण्याआधी एका इन्स्पेक्टरच्या मागे अर्धी पाळी उभे राहून काम पाहावे. एचआर विभागात याला जॉब शॅडोइंग म्हणतात. आपल्याकडे ती रुळलेली पद्धत नाही, त्यामुळे परवानगी मागावी लागते, आणि ती नीट मागितली तर मध्यम आकाराच्या कारखान्यांत मिळते. मशीनिंग कारखान्याच्या गुणवत्ता विभागात बसून अशा विनंत्या वाचणाऱ्याच्या बाजूने मी हे लिहीत आहे.

आधी प्रश्न ठरवावा

“मला इंडस्ट्री पाहायची आहे” या विनंतीला उत्तर देणे कठीण असते, कारण नेमके काय दाखवायचे हे समोरच्यालाच ठरवावे लागते. त्याऐवजी या भूमिकेतल्या कोणत्या गोष्टीची आपल्याला खात्री नाही, हे आधी स्वतःला विचारावे. कोणाला आठ तास उभे राहण्याची शंका असते, तर कोणाला ड्रॉइंगवरची भौमितिक चिन्हे प्रत्यक्ष तपासता येतील की नाही याची. कोणाला वादाची भीती वाटते. प्रश्न एक किंवा फार तर दोन असावेत आणि ते पाहून उत्तर मिळेल असे असावेत. पगार, बढती, कंपनीची वाढ हे प्रश्न फोनवरही विचारता येतात, त्यासाठी कोणाचा अर्धा दिवस मागू नये.

प्रश्न ठरला की अर्धा दिवस कोणता हे आपोआप ठरते. माझ्या मते या भूमिकेसाठी पहिल्या पाळीची सुरुवात सर्वांत मोलाची असते. पाळी सकाळी सात वाजता सुरू होत असेल तर पावणेसात ते साडेअकरा ही वेळ मागावी. रात्रपाळीचा इन्स्पेक्टर सकाळच्या इन्स्पेक्टरला काय सांगून जातो, कोणते नग बाजूला ठेवलेले आहेत, कोणत्या मशीनवर रात्री टूल बदलले हे त्या पहिल्या पंधरा मिनिटांत कळते. त्यानंतर प्रत्येक मशीनचा पहिला नग तपासून त्याला मंजुरी देण्याची गडबड असते आणि नऊच्या सुमारास ती ओसरून ठरावीक अंतराने फेऱ्या मारणे सुरू होते. म्हणजे या एकाच अर्ध्या दिवसात कामाचा धावपळीचा आणि कंटाळवाणा असा दोन्ही भाग दिसतो. दुपारी दोनला गेलेल्या पाहुण्याला फक्त फेऱ्या दिसतात आणि काम सोपे आहे असा समज घेऊन तो घरी जातो.

वाराचाही विचार करावा. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे शुक्रवारी सकाळी सगळी मशीन थंड अवस्थेतून सुरू होतात, मापे सरकत राहतात आणि इन्स्पेक्टरला श्वास घ्यायला वेळ नसतो. पाहण्यासारखे तेव्हा पुष्कळ असते, पण पाहुणा कोणालाच नको असतो. मंगळवार किंवा बुधवार मागावा. महिन्याचा शेवटचा आठवडा मागूच नये, कारण त्या दिवसांत डिस्पॅचचा आकडा गाठायचा असतो.

कोणत्या कारखान्यात विचारावे

मोठ्या वाहन कंपन्यांत एका व्यक्तीला लाइनवर उभे करायचे तर इतके विभाग मध्ये येतात की बहुधा उत्तरच येत नाही. अगदी लहान, दहा-बारा माणसांच्या वर्कशॉपमध्ये मालक लगेच हो म्हणतो, पण तिथे वेगळा इन्स्पेक्टरच नसतो, ऑपरेटर स्वतःच माप घेतो. आपल्याला हवा असतो तो मधला कारखाना: वाहन कंपन्यांना सुटे भाग पुरवणारा, ज्याच्याकडे आयएटीएफ १६९४९ प्रमाणपत्र आहे आणि म्हणून कंट्रोल प्लॅन, पहिल्या नगाची मंजुरी, नाकारलेल्या मालाची लाल पेटी या गोष्टी रोजच्या वापरात आहेत. अशा तीन-चार कारखान्यांची यादी करावी आणि एका वेळी एकालाच विचारावे. एकाच वसाहतीतले क्वालिटीवाले एकमेकांना ओळखतात, आणि तेच पत्र चौघांना गेले असेल तर ते लवकरच उघड होते.

ज्या कारखान्यात अर्ज करायचा आहे तिथेच भेट मागावी की दुसरीकडे, हा प्रश्न नेहमी येतो. तिथे जागेची जाहिरात निघालेली असेल तर भेट मागू नये, कारण ती निवडप्रक्रियेत मागच्या दाराने शिरण्याची धडपड वाटते आणि इतर उमेदवारांवर अन्याय नको म्हणून एचआर नकार देतो. जाहिरात नसताना विचारले तर हरकत नसते. त्याच प्रकारचे काम करणारा दुसरा कारखाना मिळाला तर आणखी मोकळेपणाने पाहता येते, कारण तिथे आपण उमेदवार नसतो.

नकार कशामुळे येतो

परवानगी तीन ठिकाणी अडते आणि तिन्ही ठिकाणची कारणे वेगळी असतात. क्वालिटी विभागप्रमुखाला माणूस दाखवायला हरकत नसते, पण आपला इन्स्पेक्टर अडकून पडेल आणि ग्राहकाचे ड्रॉइंग बाहेर जाईल याची त्याला काळजी असते. वाहन कंपन्यांशी गोपनीयतेचे करार झालेले असतात आणि ड्रॉइंगचा एक फोटो बाहेर गेला तरी उत्तर त्यालाच द्यावे लागते.

एचआरची काळजी अपघाताची आणि कायद्याची असते. कित्येक दशके आपले कारखाने ज्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाखाली चालले, त्याच्या कलम १०३ मध्ये असे गृहीत धरलेले होते की यंत्रे चालू असताना कारखान्यात जी व्यक्ती आढळेल ती, उलट सिद्ध होईपर्यंत, तिथे कामालाच आहे. म्हणजे सरकारी कारखाना निरीक्षक तपासणीला आले आणि मशीनपाशी एक अनोळखी तरुण उभा दिसला, तर तो नोंद नसलेला कामगार नाही हे कारखान्याला दाखवून द्यावे लागे. जुन्या एचआर अधिकाऱ्यांच्या अंगात ही सावधगिरी मुरलेली आहे. म्हणूनच आपण निरीक्षक पाहुणे आहोत, काम करणार नाही, मशीनला किंवा नगाला हात लावणार नाही, हे पत्रात स्पष्ट लिहिलेले असले की त्यांचे अर्धे ओझे उतरते. वयाची अठरा वर्षे पूर्ण झाली आहेत हेही त्याच वाक्यात लिहावे. झालेली नसतील तर ही विनंती अजून करू नये.

तिसरे ठिकाण गेट. सुरक्षारक्षकाकडे आपल्या नावाचा निरोप नसेल तर वरून मिळालेल्या होकाराचा तिथे काही उपयोग नसतो.

याशिवाय एक गैरसमज आधीच दूर करावा लागतो. एचआरला अशा पत्राची सवय नसल्यामुळे ते वाचताना ही कॉलेजची इंडस्ट्रियल व्हिजिट आहे, इंटर्नशिप आहे किंवा अप्रेंटिसशिप आहे असे धरून चालतात. पहिल्यात चाळीस विद्यार्थी येतात. दुसऱ्यात प्रमाणपत्र द्यावे लागते. तिसऱ्यात १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली करार आणि विद्यावेतन येते. यांपैकी काहीही नको, हे लिहिले नाही तर पत्र चुकीच्या टेबलावर जाऊन पडते. प्रमाणपत्राचा मोह तर कटाक्षाने टाळावा. अर्ध्या दिवसाच्या प्रमाणपत्राला बाजारात किंमत नाही, पण ते मागितले की कंपनीच्या शिक्क्याचा प्रश्न निर्माण होतो आणि साध्या होकाराचे प्रकरण होते.

कोणाला लिहावे

कंपनीच्या संकेतस्थळावरच्या सर्वसाधारण ईमेल पत्त्यावर पाठवलेले पत्र सहसा कोणी वाचत नाही. आत काम करणाऱ्या एका माणसापर्यंत आधी पोहोचावे. कॉलेजच्या प्लेसमेंट विभागाकडे मागच्या दोन-तीन वर्षांत कोण कुठे लागले याची यादी असते, ती मागावी. आयटीआयच्या निदेशकांची ओळख तर थेट शॉप फ्लोअरवर असते. आणखी एक वाट सहसा कोणाला सुचत नाही, ती कॅलिब्रेशन लॅबची. मायक्रोमीटर आणि गेजेस ठरावीक मुदतीने तपासून देणाऱ्या या प्रयोगशाळांतल्या लोकांचे वसाहतीतल्या बहुतेक क्वालिटी विभागांत जाणे-येणे असते, आणि कुठला विभागप्रमुख मुलांना शिकवायला तयार असतो हे त्यांना नेमके माहीत असते.

ओळख मिळाली की तिच्याकडून परवानगी मागू नये. विभागप्रमुखांचे नाव, त्यांचा कार्यालयीन ईमेल आणि “मी पत्र पाठवतोय, तुमचा उल्लेख केला तर चालेल का?” याचे उत्तर, एवढेच घ्यावे. नुकत्याच लागलेल्या मित्राला “मला आत घे” म्हणणे म्हणजे त्याची नोकरी धोक्यात घालणे आहे. पत्र विभागप्रमुखांना पाठवावे आणि प्रत एचआरला द्यावी, उलट करू नये. एचआर स्वतःहून हो म्हणत नाही, पण विभागप्रमुख हो म्हणत असेल तर बहुधा अडवतही नाही. आणि अशी भेट घडवून देतो म्हणून कोणी मध्यस्थ पैसे मागत असेल तर तो संवाद तिथेच संपवावा, कारण कारखाना या भेटीचे पैसे घेत नाही.

पत्राचा नमुना

पत्र एका मोबाइलच्या पडद्यावर मावेल एवढेच असावे. ते मराठीत लिहावे की इंग्रजीत, हे त्या कार्यालयाच्या रोजच्या व्यवहारावरून ठरवावे. मजकूर मात्र दोन्हीकडे सारखाच राहतो.

> विषय: लाइन क्वालिटी इन्स्पेक्टरचे काम समजून घेण्यासाठी एका व्यक्तीच्या अर्ध्या दिवसाच्या निरीक्षण भेटीची परवानगी मिळण्याबाबत
>
> माननीय महोदय,
>
> मी (कॉलेजचे नाव) येथून या वर्षी मेकॅनिकल डिप्लोमा पूर्ण केला असून लाइन क्वालिटी इन्स्पेक्टर या पदासाठी अर्ज करण्याचा माझा विचार आहे. आपला पत्ता मला (नाव व विभाग) यांच्याकडून, त्यांच्या संमतीने मिळाला.
>
> अर्ज करण्यापूर्वी मला एक गोष्ट प्रत्यक्ष पाहायची आहे: पहिल्या नगाची मंजुरी कशी दिली जाते आणि माप मर्यादेबाहेर आल्यास इन्स्पेक्टर व ऑपरेटर मिळून पुढे काय करतात. त्यासाठी आपल्या एका इन्स्पेक्टरसोबत पहिल्या पाळीत सकाळी ६.४५ ते ११.३० या वेळेत उपस्थित राहण्याची परवानगी द्यावी, ही विनंती. पुढील तीन आठवड्यांतील कोणताही मंगळवार किंवा बुधवार मला चालेल.
>
> मी केवळ निरीक्षण करीन. मशीन, नग किंवा साधनांना हात लावणार नाही. मोबाइल गेटवर जमा करीन. ड्रॉइंग, भाग क्रमांक किंवा ग्राहकाचे नाव यांची नोंद घेणार नाही आणि आवश्यक असल्यास गोपनीयतेच्या पत्रावर सही करीन. माझे वय १८ वर्षे पूर्ण आहे. सेफ्टी शूज मी स्वतः आणीन. ही इंटर्नशिप किंवा नोकरीसाठीची विनंती नसून मला प्रमाणपत्र अथवा मानधन अपेक्षित नाही.
>
> आपल्याला सोयीचे नसल्यास इन्स्पेक्टरांशी फोनवर पंधरा मिनिटे बोलता आले तरी मला उपयोग होईल.
>
> आपला नम्र,
> (नाव, मोबाइल क्रमांक)

या पत्रातले शेवटचे वाक्य मला सर्वांत उपयोगाचे वाटते. ज्याला भेट देता येत नाही त्याला नुसते नाही म्हणणे जड जाते आणि तो उत्तरच देत नाही. पंधरा मिनिटांचा पर्याय समोर असला की निदान फोन तरी येतो, आणि अशा फोनमधून पुढे “तू येच एकदा” असे आमंत्रणही मिळालेले मी पाहिले आहे. पत्रासोबत बायोडेटा जोडू नये. बायोडेटा दिसला की वाचणारा पत्राला नोकरीचा अर्ज समजतो आणि ते एचआरच्या ढिगात सरकवतो.

आठवडाभरात उत्तर आले नाही तर एकदा फोन करावा, तोही जेवणाच्या सुट्टीनंतर, कारण सकाळचे तास मागच्या दिवसाच्या नाकारलेल्या मालावरच्या बैठकीत जातात. “सर, मागच्या मंगळवारी निरीक्षण भेटीबद्दल मेल केला होता, आपल्याला पाहता आला का?” एवढेच विचारावे. त्यानंतरही उत्तर नसेल तर तो नकार समजून यादीतल्या पुढच्या कारखान्याकडे वळावे.

होकार आला तर त्याच दिवशी उत्तर द्यावे आणि चार गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात: कोणत्या गेटने यायचे, गेटवर कोणाचे नाव सांगायचे, कोणते ओळखपत्र लागेल आणि आत माझ्यासोबत कोण असेल. चौथी गोष्ट विचारायला लोक विसरतात. मग विभागप्रमुख अचानक ग्राहकाकडे निघून जातात आणि पाहुणा सकाळभर कॉन्फरन्स रूममध्ये चहा पीत बसतो.

जाण्याआधी

अंगावर सुती शर्ट, पूर्ण लांबीची पँट आणि पायात स्टीलच्या टोचे सेफ्टी शूज असावेत. अंगठी, कडे, बांगड्या आणि गळ्यातली साखळी घरी ठेवावी, ओढणी किंवा सैल बाही नको, केस घट्ट बांधलेले असावेत. फिरत्या चकजवळ यातली कुठलीही वस्तू जीवघेणी ठरू शकते, आणि असे काही अंगावर असेल तर सेफ्टी अधिकारी गेटवरूनच परत पाठवतो. सोबत खिशात मावणारी वही आणि पेन घ्यावे. वहीत काय लिहिणार हे विचारले तर ती दाखवायची तयारी असावी, किंबहुना निघताना आपणहून दाखवावी.

आदल्या संध्याकाळी एवढेच करावे: मायक्रोमीटर वाचण्याचा सराव आणि h7, H7 अशा टॉलरन्सचा अर्थ. हे येत नसेल तर समोर चाललेले काम दिसेल, पण कळणार नाही.

लाइनवर काय पाहायचे

आत गेल्यावर इन्स्पेक्टरच्या मागे, हातभर अंतरावर आणि आखलेल्या पिवळ्या रेषेच्या आत उभे राहावे. तो माप वाचत असताना बोलू नये. एक माप चुकून वाचले तर पूर्ण लॉट अडकतो. प्रश्न वहीत लिहून ठेवावेत आणि दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळेत विचारावेत.

काय पाहायचे हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा सीएनसी लेथवर २२ मिलिमीटर व्यासाचा शाफ्ट निघतो आहे आणि ड्रॉइंगवर h7 टॉलरन्स आहे. म्हणजे व्यास २१.९७९ ते २२.००० मिलिमीटरच्या आत हवा, एकूण जागा २१ मायक्रॉनची. ऑपरेटरने इन्सर्ट बदलला आणि पहिला नग आणून दिला. डिजिटल मायक्रोमीटर २२.००२ दाखवतो. नवखा माणूस इथेच नग लाल पेटीत टाकील. अनुभवी इन्स्पेक्टर आधी नगाला बोट लावून पाहतो. नग कोमट लागला तर तो पुसून बाजूला ठेवतो आणि थोडा वेळ थांबतो. पोलाद एका अंशाला दर मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढते, त्या हिशेबाने हा नग बारा अंशांनी जास्त गरम असेल तर व्यास तीन मायक्रॉनने फुगलेला दिसतो. निवल्यावर तोच नग २१.९९९ दाखवतो, म्हणजे नियमाने तो पास आहे.

आता खरी परीक्षा सुरू होते. माप वरच्या सीमेला चिकटलेले आहे, आणि बाहेरून टर्निंग करताना इन्सर्ट झिजत जातो तसा व्यास वाढत जातो. म्हणजे पुढचे काही नग गेले की माप मर्यादेबाहेर जाणार. इन्स्पेक्टर ऑपरेटरला सांगतो, “दहा मायक्रॉन मायनस घे आणि पुढचा नग दाखव.” तेवढ्यात प्रॉडक्शन सुपरवायझर येतो आणि म्हणतो, “पास आहे ना? मग चालू दे की.” या क्षणी इन्स्पेक्टर काय करतो, कोणत्या आवाजात बोलतो, कागदावर काय लिहितो आणि त्याचा वरिष्ठ त्याच्या बाजूने उभा राहतो की नाही, हेच पाहण्यासाठी आपण आलेलो आहोत. आपण त्याच्या जागी असतो तर तेच वाक्य दिवसातून पाच-सहा वेळा, वयाने मोठ्या माणसाला, न चिडता बोलू शकलो असतो का, याचे उत्तर त्याच दिवशी वहीत लिहावे. नंतर ते मवाळ होत जाते.

प्रत्येक भेटीत असा प्रसंग घडेलच असे नाही. नाही घडला तर नाकारलेल्या मालाच्या पेटीपाशी जाऊन विचारावे, “यातला शेवटचा नग कोणी आणि कसा पकडला?” पेटीला कुलूप आहे की ती उघडी आहे, नगांना टॅग आहेत का, तारखा ताज्या आहेत का, यावरून त्या कारखान्यात इन्स्पेक्टरच्या शब्दाला किती वजन आहे ते दिसते. पेटी रिकामी आणि चकचकीत असेल तर मी तरी थोडा सावध होईन. शक्य झाल्यास तासातासाच्या नोंदींचा तक्ता लांबून पाहावा. सगळी मापे नेमकी मध्यावर आणि एकाच शाईत, एकाच दमात लिहिलेली दिसली तर ती मोजून लिहिलेली नाहीत हे ओळखावे. यावर तिथे काहीही बोलू नये.

इन्स्पेक्टरला विचारायचे प्रश्न साधे असावेत. “मागच्या आठवड्यात सगळ्यांत जास्त वेळ कशात गेला?” या प्रश्नाला मिळणारे उत्तर “हे काम कसे वाटते?” याच्या उत्तरापेक्षा कितीतरी खरे असते. पाळी किती दिवसांनी बदलते, जादा पाळीसाठी आदल्या दिवशी सांगतात की पाळी संपता संपता, पहिल्या तीन महिन्यांत कोण शिकवतो, हेही विचारावे. पगार मात्र त्याला इतरांसमोर विचारू नये. या पदाच्या पुष्कळ जागा कंपनीच्या नव्हे तर कंत्राटदाराच्या पेरोलवर असतात, आणि हा फरक पगाराइतकाच महत्त्वाचा आहे. तो निघताना एचआरला सरळ विचारावा. हा प्रश्न त्यांना रोजचा आहे.

पाहुणा असताना सगळेच थोडे शहाण्यासारखे वागतात, हे हिशेबात धरावे. शिवाय अर्ध्या दिवसात ग्राहकाची तक्रार आल्यावर होणारी शंभर टक्के तपासणी दिसत नाही, ऑडिटचा आठवडा दिसत नाही आणि पहाटे चारची झोप तर मुळीच दिसत नाही. या तिन्हींबद्दल इन्स्पेक्टरला तोंडी विचारून घ्यावे, आणि रात्रपाळीची शंका असेल तर तिथे लागलेल्या एखाद्या माजी विद्यार्थ्याशी वेगळे बोलावे. दुसरी भेट मागू नये.

ठरलेल्या वेळी, कोणी आग्रह केला तरी, निघावे. जेवणाला थांबवले तर गोष्ट वेगळी, कँटीनमध्ये जास्त मोकळे बोलणे होते.

परतल्यावर

त्याच संध्याकाळी विभागप्रमुखांना चार ओळींचा आभाराचा मेल करावा, ज्या इन्स्पेक्टरने वेळ दिला त्याचे नाव त्यात घ्यावे आणि जे शिकलो त्यातली एक नेमकी गोष्ट लिहावी. “खूप शिकायला मिळाले” या वाक्यापेक्षा “गरम नगाचे माप का घेऊ नये हे आज समजले” हे वाक्य त्यांच्या लक्षात राहते. एचआरलाही प्रत द्यावी. ज्या ओळखीने पत्ता मिळाला होता, तिला भेट झाल्याचे कळवावे. समाजमाध्यमांवर कारखान्याच्या नावानिशी काही लिहू नये, गेटसमोरचा फोटोसुद्धा नको.

अर्ज करायचा की नाही हे दोन-तीन दिवसांनी वही उघडून ठरवावे. काम जमेल असे वाटले आणि त्याच कारखान्यात पुढे जागा निघाली तर अर्जात भेटीचा उल्लेख एका वाक्यात करावा, पण ओळख सांगितल्यासारखा नव्हे: “पहिल्या पाळीतील पहिल्या नगाच्या मंजुरीचे काम मी आपल्याकडे निरीक्षक म्हणून पाहिले आहे आणि ते समजून हा अर्ज करत आहे.” दुसऱ्या कारखान्यात अर्ज करत असाल तर पाहिलेल्या कारखान्याचे नाव किंवा तिथला भाग मुलाखतीत काढू नये. “एका मशीनिंग युनिटमध्ये” एवढे म्हणावे. जो उमेदवार पहिल्या कारखान्याची गोष्ट दुसऱ्याकडे सांगतो तो आपलीही तिसऱ्याकडे सांगेल, हे मुलाखत घेणाऱ्याच्या लगेच मनात येते.

आणि हे काम आपले नाही असे ठरले तर तेही विभागप्रमुखांना दोन ओळींत कळवावे. कारण प्रामाणिकपणे लिहावे, उदाहरणार्थ, “मला मोजण्यापेक्षा मशीन चालवण्याकडे जास्त ओढ वाटली.” त्यांच्याच कारखान्यात सीएनसी सेटरची जागाही असते, आणि ती कोणाला सुचवायची हे पुष्कळदा त्यांनाच विचारले जाते.